लेओव्हर मोजण्याआधी तिकिटे मोजा: या चुका टाळा

विमानाची तिकिटे काढून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. मधल्या विमानतळावर पुढचे विमान चुकलेल्या प्रवाशांचे फोन मला अधूनमधून येतात आणि त्यातले पहिले वाक्य बहुतेक वेळा एकच असते, की लेओव्हर तर चांगला अडीच-तीन तासांचा होता. त्यावर मी पहिला प्रश्न विचारतो तो वेळेबद्दलचा नसतो. तिकीट एक होते की दोन, एवढेच मी विचारतो, आणि पलीकडच्या माणसाला बऱ्याचदा त्याचे उत्तर माहीत नसते.

लेओव्हर म्हणजे दोन विमानांच्या मधला वेळ. विमान चुकले तर जबाबदारी कोणाची, हे मात्र त्या वेळेवरून ठरत नाही, ते तिकिटावरून ठरते. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्याने दुसरे चुकल्यास तुम्हाला पुढच्या उपलब्ध विमानाने नेणे हे कंपनीचे काम असते आणि त्यासाठी नवे भाडे द्यावे लागत नाही. प्रत्येक विमानतळावर विमान बदलण्यासाठी लागणारा किमान वेळ ठरलेला असतो आणि एका तिकिटावर त्याहून कमी अंतराची विमाने सहसा जोडली जात नाहीत. दोन वेगळी तिकिटे असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त उशिरा आलेले प्रवासी असता. तुम्ही कुठून आलात आणि का अडकलात, याची नोंद तिच्याकडे नसते.

एका वयस्कर जोडप्याची हकिकत सांगतो. ते परदेशातल्या आपल्या मुलीकडे निघाले होते आणि घरातल्या कोणीतरी फोनवर घाईने स्वस्तातली दोन तिकिटे काढून दिली होती. पहिले विमान मधल्या विमानतळावर 10:20 ला उतरणार होते आणि दुसरे 13:00 ला सुटणार होते, म्हणजे कागदावर 2 तास 40 मिनिटे होती. त्या दुसऱ्या कंपनीचा सामान घेण्याचा काउंटर मात्र सुटण्याच्या 60 मिनिटे आधी बंद होत असे. तिकिटे वेगळी असल्याने आपल्या बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा काउंटरवर देणे त्यांना भाग होते, त्यामुळे त्यांची खरी मुदत 13:00 नव्हे तर 12:00 होती. हातात प्रत्यक्षात 1 तास 40 मिनिटेच होती. पहिले विमान 45 मिनिटे उशिरा, 11:05 ला उतरले. पारपत्र तपासणीच्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत 11:45 झाले, बॅगा पट्ट्यावर आल्या 12:05 ला, आणि ते वरच्या मजल्यावर काउंटरपाशी पोहोचले तेव्हा तिथला कर्मचारी संगणक बंद करत होता.

त्यांचा मला फोन आला तेव्हा 12:20 झाले होते. तिकीट माझ्याकडून काढलेले नसल्याने मला त्या आरक्षणात काही बदल करता येत नव्हता, पण त्यांच्या तिकिटाचे नियम मी वाचून घेतले. विमान सुटण्यापूर्वी कळवल्यास शुल्क आणि भाड्यातला फरक भरून तारीख बदलता येत होती. सुटल्यानंतर मात्र ते तिकीट ‘नो-शो’, म्हणजे न कळवता गैरहजर, ठरून पूर्ण रद्द होणार होते. माझ्या मते त्या चाळीस मिनिटांतले एकच काम महत्त्वाचे होते, ते म्हणजे कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून तारीख पुढे ढकलणे. ते मात्र काउंटरवर विनवण्या करत राहिले, कारण समोर दिसणारा माणूस ऐकेल असे त्यांना वाटत होते. 13:00 ला विमान गेले आणि त्यासोबत त्यांचे तीन आठवड्यांनंतरचे परतीचे आरक्षणही रद्द झाले.

परतीचे का रद्द झाले, हे त्यांना किती तरी वेळ समजावावे लागले. तिकिटावरची उड्डाणे ही क्रमाने वापरायची कूपने असतात. पहिले कूपन न वापरता दुसरे वापरता येत नाही. एखादा टप्पा न कळवता सोडला की बहुतेक भाड्यांच्या नियमांनुसार पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. पहिला छोटा टप्पा रेल्वेने जाऊन गाठू आणि मोठ्या विमानात मधूनच बसू, असा हिशेब करणारे लोक मला आजही भेटतात. पैसे वाचवण्याची ही युक्ती फार महाग पडते. टप्पा सोडायचाच असेल तर आधी कंपनीला विचारावे, तिकीट नव्या मार्गाने बदलून घ्यावे आणि त्याचा फरक किती होतो ते पाहूनच निर्णय घ्यावा.

तिकीट एकच आहे का, हे ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे. आरक्षणाच्या संकेतस्थळाने दिलेल्या क्रमांकावर मी विसंबत नाही, कारण एका क्रमांकाखाली दोन वेगळी तिकिटे सहज लपतात. मी 13 आकडी तिकीट क्रमांक पाहतो. त्यातले पहिले 3 आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. एकाच प्रवाशाच्या दोन्ही उड्डाणांसमोर तोच क्रमांक असेल तर तिकीट एक आहे. एका क्रमांकावर 4 उड्डाणेच बसतात, त्यामुळे लांबच्या प्रवासात लगतचा पुढचा क्रमांक दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. सुरुवातीचे 3 आकडेच वेगळे असतील, तर मात्र ती दोन तिकिटे आहेत असे समजून पुढचा विचार करावा. काही संकेतस्थळे अशा जोडणीची हमी स्वतः देतात. ती हमी संकेतस्थळाची असते, विमान कंपनीची नव्हे, म्हणून अडचण आल्यावर कोणाला फोन करायचा हे आधीच वाचून ठेवावे.

दुसरी खूण सामानाच्या चिठ्ठीवर असते. काउंटरवर बॅगेला पट्टी लावली जाते तेव्हा तिच्यावर ठळक छापलेली विमानतळाची तीन अक्षरे मी प्रत्येक वेळी वाचतो. ती शेवटच्या मुक्कामाची असतील तर बॅग पुढे जाणार आहे, मधल्या विमानतळाची असतील तर ती तिथे उचलायची आहे. याला अपवादही आहेत. अमेरिकेत शिरताना पहिल्या विमानतळावर तिकीट एक असले तरी सहसा सामान घेऊन सीमाशुल्क तपासणीतून जावे लागते आणि मग ते पुन्हा द्यावे लागते. बॅग उचलायची म्हणजे बहुतेक ठिकाणी त्या देशात प्रवेश करायचा, हेही विसरू नये. दोन तिकिटांवर निघालेल्या प्रवाशाला मधल्या देशाचा व्हिसा नसल्यास पहिल्याच विमानतळावर परत पाठवल्याचे मी पाहिले आहे. त्या पहिल्या कंपनीसाठी मधले ठिकाण हाच त्याचा शेवटचा मुक्काम होता. दोन तिकिटांशिवाय पर्यायच नसेल, तर मी मधे एक रात्र ठेवायला सांगतो. हॉटेलचा खर्च अनेकांना जड वाटतो, पण ऐनवेळी घेतलेले नवे तिकीट त्याहून जड जाते.

लेओव्हर आणि स्टॉपओव्हर यांची गल्लत मात्र लवकर सुटते. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधला मुक्काम साधारणपणे 24 तासांपेक्षा जास्त झाला की तो स्टॉपओव्हर मानला जातो आणि मग भाडे वेगळ्या रीतीने मोजले जाऊ शकते. ‘डायरेक्ट’ याचाही अर्थ कुठेच न थांबणारे विमान असा नाही. उड्डाण क्रमांक तोच ठेवून ते मधे उतरू शकते. न थांबणारे हवे असेल तर ‘नॉन-स्टॉप’ शोधावे.

कोडशेअरमध्ये तिकिटावर एका कंपनीचा उड्डाण क्रमांक असतो आणि विमान दुसरीच कंपनी चालवते. तिकिटावर बारीक अक्षरांत Operated by अशी ओळ असते आणि ती न वाचल्यामुळे लोक चुकीच्या टर्मिनलवर उतरतात. चेक-इन, सामान आणि आसन यांसाठी प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीकडे जावे लागते. तिच्या प्रणालीत तुमचा पीएनआर सहसा वेगळा असतो. तिकीट देणाऱ्या कंपनीकडून तो आधी मागून घ्यावा. मी तिकिटाच्या छापील प्रतीवर पेन्सिलीने चालवणाऱ्या कंपनीचे नाव, तिचा उड्डाण क्रमांक आणि तिचा पीएनआर लिहून देतो. तारीख बदलायची असेल तर मात्र तिकीट देणाऱ्या कंपनीकडेच जावे, नाहीतर दोन्हीकडून तुम्हाला पलीकडे पाठवले जाते.

Operated by या ओळीचा परिणाम प्रवाशाच्या हक्कांवरही होतो. युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमानुसार उशीर किंवा रद्दीकरणाची भरपाई विमान चालवणाऱ्या कंपनीकडे मागायची असते. संघाबाहेरून युरोपात थेट जाणारे विमान संघाबाहेरची कंपनी चालवत असेल, तर तिकिटावर युरोपीय कंपनीचा क्रमांक असूनही हा नियम लागू होत नाही. दोन पर्यायांचे भाडे सारखेच असेल, तर मी निवड करताना हे पाहतो.

भाड्याच्या नियमांत लोक ‘बदल शुल्क नाही’ एवढेच वाचतात. शुल्क नसले तरी नव्या तारखेचे भाडे जास्त असेल तर फरक भरावाच लागतो आणि बऱ्याचदा तोच मोठा असतो. त्या नियमांतली प्रवास सुरू होण्यापूर्वी, सुरू झाल्यानंतर आणि नो-शो ही तीन कलमे मी वेगवेगळी वाचतो, कारण तिन्हींची उत्तरे वेगळी असतात. कंपनीनेच वेळ बदलली किंवा विमान रद्द केले, तर हे शुल्क सहसा लागत नाही. म्हणून अशा वेळी घाईने स्वतःहून तिकीट रद्द करण्याचे बटण दाबू नये, कारण मग तो बदल तुमच्या मर्जीने केलेला ठरतो.

स्टँडबाय म्हणजे जागा उरली तर मिळेल, एवढेच. लवकरच्या विमानासाठी नाव लावताना आपले मूळ आरक्षण कायम राहते ना, हे काउंटरवरच विचारून घ्यावे. नाव पुकारतील तेव्हा गेटपाशी असावे. बोर्डिंग पासवर आसनाच्या जागी SBY छापलेले असेल तर तुम्हाला अजून जागा मिळालेली नाही आणि गेटवर नवा पास हातात येईपर्यंत पलीकडच्या माणसाला येण्याची वेळ कळवू नये.