व्हान्ट हॉफ प्लॉटमधून ΔH काढताना या चुका टाळा (बोरॅक्सचं उदाहरण घेऊन)

वेगवेगळ्या तापमानाला K मोजायचा, ln K विरुद्ध 1/T चा ग्राफ काढायचा, सरळ रेघ बसवायची आणि स्लोपवरून ΔH काढायची. ऐकायला सोपं आहे, पण उत्तर चुकलं की नेमकं कुठं चुकलं ते कळत नाही आणि मग मुलं अख्खं प्रॅक्टिकल परत करायला बसतात. खरं तर चुकीचा आकडाच बऱ्याचदा सांगतो की काय चुकलंय.

बोरॅक्सचं घेऊ. पाण्यात विरघळला की एका युनिटमागे दोन सोडियम आयन आणि एक बोरेट आयन सुटतो, म्हणून विद्राव्यता s असेल तर K = 4s³. समजा 25°C ला s आली 0.15 M आणि 45°C ला 0.37 M. समीकरण हे:

```
ln K = -ΔH/(R·T) + ΔS/R
```

ln K मधला फरक 3 × ln(0.37/0.15), म्हणजे 2.71. 1/T मधला फरक 0.0002109. R 8.314 घेतला की ΔH साधारण 107 kJ/mol येते. हे झालं बरोबर उत्तर, आता बिघडलेली बघा.

1.27 आलं तर तापमान सेल्सिअसमधेच राहिलंय, केल्विन करा. 46 आलं तर ln ऐवजी log घेतलाय आणि 2.303 ने गुणायचं राहिलंय. 36 आलं, म्हणजे बरोब्बर एक तृतीयांश, तर घन विसरलात आणि K च्या जागी नुसता s टाकलात. आणि उत्तर उणे आलं तर स्लोपचं चिन्ह उलटवायचं राहिलं, कारण ΔH = -स्लोप × R. बोरॅक्स गरम पाण्यात जास्त विरघळतो हे डोळ्यांना दिसतंय, मग ΔH धनच यायला हवी.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक मात्र राउंडिंगची. वहीत 1/T लिहिताना 0.0034 आणि 0.0031 असं लिहिलं की फरक 0.0003 होतो आणि ΔH थेट 75 वर येते. मोजमाप नीट, टायट्रेशन नीट, आणि उत्तर 30 टक्के चुकीचं! 1/T ला निदान पाच-सहा सार्थ अंक ठेवाच. स्प्रेडशीटमधे पण हेच होतं, ट्रेंडलाइनचं समीकरण कधीकधी -1E+04x असं दिसतं, तो आकडा वापरू नका, त्यापेक्षा सरळ सेलमधे हे टाका:

```
=SLOPE(B2:B6, A2:A6)
```

B मधे ln K, A मधे 1/T. उलटं टाकलं तर काहीतरी भलतंच येईल.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला फार उशिरा कळली. काही चुका स्लोपला हातच लावत नाहीत. 4s³ मधला 4 विसरलात तर प्रत्येक ln K सारखाच 1.39 ने खाली जातो, रेघ अख्खी खाली सरकते, तिरकेपणा तोच. ΔH बरोबर येते, पण इंटरसेप्टवरून काढलेली ΔS 11.5 J/(mol·K) ने कमी येते. टायट्रेशनमधे एका बोरेटला दोन HCl लागतात, तो 2 विसरलात तरी तसंच, फक्त यावेळी s दुप्पट होते, रेघ वर सरकते आणि ΔS 17 ने जास्त येते. म्हणून ΔH पुस्तकाशी जुळली म्हणजे सगळं जुळलं असं धरून चालू नका, ΔS वेगळी तपासा.

आकडेमोड ठीक असेल तर पॉइंट्स कसे पडलेत ते बघा. ग्राफवर जास्त तापमान डावीकडे येतं हे लक्षात ठेवा. तिथला पॉइंट रेघेखाली झुकला असेल तर पहिलं बघायचं ते म्हणजे भांड्याच्या तळाशी न विरघळलेला बोरॅक्स शिल्लक होता का. नसेल तर द्रावण संपृक्तच नव्हतं, तो K नाहीच, पॉइंट काढून टाका आणि जास्त घन टाकून परत करा. घन होता तरी पिपेट थंड असेल तर आतल्या आत स्फटिक धरतात आणि पूर्ण सॅम्पल फ्लास्कमधे पडतच नाही, म्हणून पिपेट आधी गरम पाण्यातून काढा. तापमान सॅम्पल उचलताना त्याच द्रावणात मोजा, बाथचं नको.

आणि साधारण 60°C च्या वर जाऊच नका. तिथं तळाचा घनच बदलतो, दहा पाण्याच्या रेणूंऐवजी पाच रेणूंचा हायड्रेट स्थिर होतो, म्हणजे अभिक्रियाच वेगळी झाली, तिची ΔH वेगळी, आणि रेघेला तिथं कोपरा पडतो. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंचे पॉइंट्स एकाच रेघेत कोंबले तरी R² 0.98 वगैरे छान दिसू शकतो, त्यामुळे फक्त R² बघून थांबू नका. प्रत्येक पॉइंट रेघेच्या किती वर-खाली आहे ते वेगळं काढून बघा, सगळीकडे विखुरलेले असतील तर ठीक, पण दोन्ही टोकं खाली आणि मधले वर असा वाक दिसला तर त्या सगळ्या पॉइंट्सना मिळून एकच ΔH लावता येत नाही.