मार्चआधी ट्रस्टचं दप्तर: 85 टक्के नक्की कशात मोजतात

पंचवटीतल्या आपल्या शिक्षण ट्रस्टचे हिशोब मीच बघतो, म्हणून नव्या विश्वस्तांसाठी लिहून ठेवतोय. पहिलं म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे म्हणजे टॅक्स माफ असं नाही, इन्कम टॅक्सची नोंदणी वेगळी असते, तिचं पत्र काढून मुदत कधी संपतेय ते आधी बघा.

मग वर्षाची जमा काढा. समजा 10 लाख आली. त्यातले 15 टक्के म्हणजे दीड लाख बिनशर्त बाजूला ठेवता येतात, बाकी साडेआठ लाख त्याच वर्षी संस्थेच्या उद्दिष्टांवर लागले पाहिजेत. कारण साधं आहे, सरकारने त्या पैशावरचा टॅक्स सोडलाय तो मुलांच्या वह्या-फीसाठी, बँकेत साठवायला नाही.

आता वहीत खर्च दिसतोय 6 लाख 40 हजार, पण तो आकडा तसाच धरू नका, एकेक व्हाउचर उघडा. मंडपवाल्याला एकाच दिवशी 30 हजार रोख दिलेत, दिवसाला एकाला 10 हजारांच्या वर रोख दिलं की ते मोजलं जात नाही, गेले. प्रिंटरचं वह्यांचं 60 हजारांचं बिल खर्चात लिहिलंय पण पैसे दिलेलेच नाहीत, ते 31 मार्चच्या आत चेकने दिले तर धरतात नाहीतर नाही. म्हणजे आज मोजण्यासारखे साडेपाच लाख, प्रिंटरला दिल्यावर 6 लाख 10 हजार, कमी पडतात 2 लाख 40 हजार.

इथे घाईघाईत काहीतरी खरेदी करून पैसे संपवू नका प्लीज. वाचनालयाची खोली बांधायचीच आहे ना, तर तसा ठराव करा आणि ती रक्कम जास्तीत जास्त 5 वर्षांसाठी जमा ठेवतोय असा फॉर्म रिटर्नच्या आधीच वेळेत भरा (1961च्या कायद्यात तो फॉर्म 10, 1 एप्रिल 2026पासूनच्या नव्या कायद्यात नंबर काय ते सीएला विचारा). ठरावात ‘संस्थेच्या उद्दिष्टांसाठी’ असं मोघम लिहू नका, ‘वाचनालयाची खोली’ असं स्पष्ट लिहा. पैसे बँकेच्या एफडीत ठेवा, कुणा ओळखीच्याला व्याजाने दिले तर सूट जाते. मुदतीत खोली झाली नाही तर ती रक्कम उत्पन्न धरून टॅक्स लागतो.

विश्वस्ताच्या घरच्यांचा हॉल भाड्याने घेतला असेल तर बाजारभावाचा पुरावा जोडा, कारण जास्त भाडं दिलं की ट्रस्टचा पैसा घरात गेला असा अर्थ निघतो आणि सूट तिथेच अडकते.

देणगीची पावती देताना रोख 2000च्या वर असेल तर देणाऱ्याला आधीच सांगा, त्याला त्यावर वजावट मिळणार नाही. आणि नवी टॅक्स रचना घेतलेल्याला ती तशीही मिळत नाही, हे त्याला नंतर कळलं की वाईट वाटतं.