खडूच्या रस्त्यावरचा सिग्नल नेमका कोणासाठी?

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी रस्ता ओलांडण्याचा खेळ मांडताना व्हरांड्याच्या फरशीवर खडूने, किंवा मुरमाच्या पटांगणात फक्कीने, सुमारे सात मीटर रुंदीचा दुपदरी रस्ता आणि त्यावर झेब्रा पट्टे आखावेत. अरुंद रस्ता दोन उड्यांत पार होतो आणि मुलांना वेळेचा अंदाजच येत नाही.

कागदी सिग्नल एकच केला, तर हिरवा दिसताच गाडी झालेले मूल आणि चालणारे मूल दोघेही निघतात. म्हणून वाहनांसाठी रंगीत गोल, तर पादचाऱ्यांसाठी उभ्या लाल व चालत्या हिरव्या माणसाची चित्रे वेगळी करावीत, आणि एक लाल असताना दुसरे हिरवे ठेवावे. हिरवा माणूस दिसल्यावरही आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहायला लावावे, कारण आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने जवळच्या पदरातील गाडी उजवीकडून येते. मूल नुसती मान हलवते की खरोखर पाहते, हे ‘उजवीकडे काय दिसले?’ असे विचारून कळते.

मात्र गावच्या फाट्यावर सिग्नल नसतोच, त्यामुळे शेवटची फेरी सिग्नल काढून घ्यावी. चार मुलांची एसटी रस्त्याच्या कडेला उभी करावी, तिच्यामागून कापसाच्या ट्रॅक्टरची भूमिका करणाऱ्या मुलाला पुढे येऊ द्यावे, आणि उतरलेल्या मुलाने एसटी निघून रस्ता दोन्ही बाजूंनी दिसेपर्यंत थांबावे.