बुद्धिमापनाचा अहवाल वाचताना या चुका टाळा

बुद्धिमापन चाचणीचा अहवाल हाती आला की पालकांची आणि बऱ्याचदा शिक्षकांचीही नजर पाने उलटत थेट एकूण बुद्धिगुणांकावर जाऊन थांबते. तो आकडा वाचला की मुलाविषयी जे कळायचे ते कळले असे वाटते आणि उरलेली पाने फाइलमध्ये जातात. उपयोगाची माहिती मात्र बहुधा त्या उरलेल्या पानांतच असते. हे स्पष्ट व्हावे म्हणून येथे एक उदाहरण घेतो. ते कोणा एका मुलाचे नाही, पण त्यातील आकड्यांची ठेवण अशा अहवालांमध्ये खरोखर आढळणारी आहे.

वय ९ वर्षे ४ महिने असलेला एक मुलगा वर्गात तोंडी प्रश्नांची उत्तरे नेमकी देतो, ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसह सांगतो, पण त्याच्या वह्या अर्धवट राहतात आणि लेखी परीक्षेत त्याचे शेवटचे दोन-तीन प्रश्न नेहमी लिहायचे राहून जातात. चाचणीत त्याचा एकूण बुद्धिगुणांक १०० आला. शंभर म्हणजे त्या वयाच्या मुलांची सरासरी. त्यावरून घरी आणि शाळेत एकच निष्कर्ष निघाला: बुद्धीत काही कमी नाही, म्हणजे मुलगा टाळाटाळ करतो.

पहिली चूक: एकूण आकडा वाचणे आणि घटक सोडून देणे

हा एकूण आकडा निरनिराळ्या प्रकारच्या उपकसोट्यांचे गुण एकत्र करून काढलेला असतो. या मुलाच्या अहवालात घटकांचे निर्देशांक असे होते: शाब्दिक आकलन १११, आकृत्या आणि रचना समजणे १०८, नव्या प्रश्नातील तर्क १०९, माहिती थोडा वेळ मनात धरून तिच्यावर काम करणारी कार्यकारी स्मृती ८५ आणि प्रक्रियेचा वेग ७२. प्रत्येक निर्देशांकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवती गुण किती पसरले आहेत याचे माप, १५ असते, म्हणून हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात. शाब्दिक आकलनात हा मुलगा आपल्या वयाच्या शंभरांपैकी साधारण सत्त्याहत्तर मुलांच्या पुढे आहे, तर वेगात जेमतेम तिघांच्या. यांतील एकही आकडा शंभराच्या अगदी जवळ नाही. वरचे तीन आणि खालचे दोन एकमेकांना तोलून धरतात, म्हणून बेरीज शंभरावर येते आणि मुलाची खरी अडचण तिच्यात दिसेनाशी होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. घटकांमध्ये काही अंतर असणे हे स्वतः दोषाचे लक्षण नाही. कोणतीही अडचण नसलेल्या असंख्य मुलांच्या निर्देशांकांत पंधरा-वीस गुणांचा फरक सहज सापडतो. म्हणून जाणकार परीक्षक दोन वेगळे प्रश्न विचारतो. हा फरक मापनातील चुकीमुळे दिसत असावा की खरा आहे, हा पहिला. आणि खरा असल्यास तो त्या वयाच्या मुलांत कितपत विरळ आहे, हा दुसरा. या मुलाच्या बाबतीत शाब्दिक आकलन आणि वेग यांत ३९ गुणांचे अंतर आहे. ते खरे तर आहेच, पण क्वचित आढळणारेही आहे. अशा वेळी एकूण आकडा अहवालात नोंदवला तरी त्यावर निष्कर्ष उभारणे मी योग्य मानत नाही. घटक विखुरलेले असले तरी एकूण आकडा शालेय गुणांचा अंदाज बऱ्यापैकी देतो, असे काही संशोधक म्हणतात आणि मुलांच्या मोठ्या गटापुरते ते मान्य करता येते. तथापि समोरच्या एका मुलाचे गणित का अडते, याचे उत्तर त्या अंदाजातून मिळत नाही.

मग वेगाचा आकडा खाली का आला, हे शोधावे लागते. त्या घटकात सहसा दोन प्रकारची कामे असतात: एका कामात आकड्यांखाली नेमून दिलेल्या खुणा पेन्सिलने भराभर काढायच्या असतात, दुसऱ्यात दिलेले चिन्ह ओळीत आहे की नाही हे पाहून फक्त एक खूण करायची असते. पहिल्यातच गुण कमी आणि दुसऱ्यात ठीक असतील, तर संशय हाताच्या हालचालीकडे, पेन्सिलची पकड आणि लेखनाकडे जातो. दोन्हींत कमी असतील तर दृष्टी तपासली आहे का, मूल प्रत्येक खूण सुबक येईपर्यंत थांबत होते का, लक्ष उडत होते का, हे पाहावे लागते. परीक्षकाने चाचणी चालू असताना केलेल्या निरीक्षणांची नोंद येथे निर्णायक ठरते, आणि नेमका हाच परिच्छेद अहवाल वाचताना सर्वांत आधी वगळला जातो. घरच्या घरी पडताळा घ्यायचा तर एकाच धड्यावरचे प्रश्न एकदा तोंडी आणि एकदा लेखी, वेळेचे बंधन न घालता विचारून पाहावेत. तोंडी उत्तरे पूर्ण आणि लेखी अपुरी असतील, तर ‘टाळाटाळ’ हा शब्द मागे घ्यावा लागेल.

दुसरी चूक: मानसिक वय शब्दशः घेणे

काही अहवालांत, विशेषतः जुन्या पद्धतीच्या चाचण्यांत, बुद्धिगुणांकासोबत मानसिक वयही दिलेले असते. दहा वर्षांच्या मुलीचे मानसिक वय आठ आहे असे वाचले की ती सर्व बाबतींत आठ वर्षांच्या मुलीसारखी आहे, असा समज होतो. त्या आकड्याचा अर्थ इतकाच असतो की त्या विशिष्ट प्रश्नांवर तिला मिळालेले गुण आठ वर्षांच्या सर्वसाधारण मुलाइतके आहेत. तिचा दहा वर्षांचा अनुभव, मैत्री, स्वतःची काळजी घेण्याची क्षमता आणि लाज-अभिमान यांतले काहीही त्या प्रश्नांनी मोजलेले नसते. शिवाय तेवढेच गुण दोन मुले अगदी वेगवेगळे प्रश्न सोडवून मिळवू शकतात.

ही कल्पना मुळात वेगळ्या कामासाठी आली होती. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमॉं यांनी १९०५ मध्ये तीस कृतींची श्रेणी तयार केली, ती सामान्य वर्गात मागे पडणाऱ्या आणि विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांना ओळखण्यासाठी. १९०८ च्या आवृत्तीत या कृती वयानुसार गटांत लावल्या गेल्या आणि मुलाची ‘मानसिक पातळी’ सांगता येऊ लागली. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि वाढू न शकणारी राशी आहे, या मताला बिने यांनी स्वतः ठाम विरोध केला होता, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. पुढे १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची सूचना केली, आणि १९१६ मध्ये लुईस टर्मन यांच्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीने त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्धिगुणांक रूढ केला.

भागाकाराची गरज का पडली हे सोपे आहे. बाराव्या वर्षी दोन वर्षांची पिछाडी असेल तर गुणांक ८३ येतो. पाचव्या वर्षी तीच पिछाडी गुणांक ६० वर नेते. पण या सूत्राच्या दोन अडचणी लवकरच लक्षात आल्या. पहिली म्हणजे प्रत्यक्ष वय वाढत राहते, तर अशा चाचण्यांवरचे गुण किशोरवयानंतर त्या प्रमाणात वाढत नाहीत. सूत्र तसेच लावले तर चाळिशीतला प्रत्येक माणूस मंदबुद्धी ठरेल. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. १९३७ च्या स्टॅनफर्ड-बिनेमध्ये गुणांकांचे प्रमाण विचलन सहाव्या वर्षी साधारण १२-१३ होते, तर बाराव्या वर्षी २० च्या आसपास. म्हणजे समवयस्कांत आपले स्थान जसेच्या तसे राखणाऱ्या मुलाचा गुणांक सहाव्या वर्षी ११२ आणि बाराव्या वर्षी १२० येऊ शकत होता. मुलगा बदललेला नसे, सूत्र डळमळत असे.

याच कारणाने डेव्हिड वेक्स्लर यांच्या १९३९ च्या चाचणीपासून भागाकार सोडून समवयस्कांतील स्थानावर आधारित गुणांक वापरात आला. आजच्या बहुतेक चाचण्यांतला ‘बुद्धिगुणांक’ हा त्यामुळे भागाकार उरलेलाच नाही; जुने नाव तेवढे टिकून आहे. अशा अहवालातील गुणांकावरून उलटा हिशेब करून मानसिक वय काढू नये. तसेच जुन्या सूत्राने काढलेल्या आकड्याची आणि नव्या पद्धतीच्या आकड्याची तुलना करून मूल पुढे गेले किंवा मागे पडले असेही म्हणू नये.

तिसरी चूक: आकडा काटेकोर आहे असे मानणे

त्याच मुलाची वर्षभराने पुन्हा चाचणी झाली आणि एकूण आकडा ९५ आला, तर घरात काळजीचे वातावरण होते. एका चांगल्या चाचणीच्या एकूण गुणांकातही मापनाची प्रमाणित त्रुटी सुमारे ३ गुणांची असते, म्हणून दोन्ही बाजूंना तिच्या साधारण दुप्पट जागा सोडून १०० चे योग्य वाचन ‘बहुधा ९४ ते १०६ च्या दरम्यान’ असे आहे. दोन वेळच्या मापनांत दोन्हींची त्रुटी मिसळते, त्यामुळे आठ गुणांपर्यंतचा फरक केवळ मापनातील चढउताराने पडू शकतो. पाच गुणांच्या घटीला म्हणून काहीही अर्थ देता येत नाही. घटक निर्देशांकांची अनिश्चितता याहून मोठी असते आणि एकेकट्या उपकसोटीची त्याहूनही मोठी. एकूण आकडा सोडला म्हणून एका उपकसोटीच्या आधारे निदान करणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू होय. फेरचाचणी काही महिन्यांतच घेतली तर कृतींची ओळख झाल्यामुळे, विशेषतः ठोकळे जुळवण्यासारख्या कामांत, गुण वाढतात. तेव्हा वर्षाच्या आत तीच चाचणी शक्यतो घेऊ नये.

प्रमाणके आणि भाषा

ज्या मुलांच्या गुणांवरून सरासरी ठरवली, त्यांच्याशी आपल्या मुलाची तुलना होत असते. ती मुले वीस वर्षांपूर्वीची असतील तर आकडा फुगलेला येण्याचा संभव असतो, कारण विसाव्या शतकात अनेक देशांत पिढीगणिक चाचणीतील गुण वाढत गेले. जेम्स फ्लिन यांनी अमेरिकेसाठी काढलेला वेग दशकाला सुमारे तीन गुणांचा होता. सहा गुणांचा हा फरक एरवी नगण्य वाटेल, पण विशेष साहाय्य मिळण्यासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आसपास असलेल्या मुलाला तो साहाय्यापासून दूर ठेवू शकतो. म्हणून अहवालात चाचणीची आवृत्ती आणि प्रमाणकांचे वर्ष नसेल तर ते मागून घ्यावे.

भाषेचा परिणाम याहून मोठा असू शकतो. घरी एक भाषा बोलणाऱ्या मुलाची चाचणी शाळेच्या भाषेत झाली, तर शब्दार्थ आणि साम्य सांगण्याच्या प्रश्नांत त्याची त्या भाषेशी असलेली ओळखच मोजली जाते. शाब्दिक घटक ठळकपणे खाली आणि आकृत्यांचे घटक ठीक असतील, तर इतर कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी चाचणी कोणत्या भाषेत झाली हे विचारावे. चाचणीच्या मधेच आयत्या वेळी भाषांतर करून प्रश्न विचारले असतील, तर प्रमाणके लागू होत नाहीत आणि तो आकडा वापरूच नये.

आपल्या उदाहरणातील मुलाकडे परत येऊ. खुणा काढण्याच्या कामात तो विशेष मागे पडला आणि केवळ खूण करण्याच्या कामात थोडा बरा होता, असे उपकसोट्यांवरून दिसले, तर पुढचे काम ठरते: आधी डोळ्यांची तपासणी, मग लेखनाच्या हालचालींचे मूल्यमापन, आणि तोवर फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्याऐवजी छापील प्रत व लेखी परीक्षेत वाढीव वेळ. कार्यकारी स्मृतीच्या ८५ साठी शिक्षकांनी एका वेळी तीन सूचना देण्याऐवजी एक द्यावी. सहा महिन्यांनी तपासायचे ते बुद्धिगुणांक नव्हे, तर त्याच्या परीक्षेत किती प्रश्न लिहायचे राहून गेले आणि वही पूर्ण होते का.