तीनशे चाळीस शब्दांचे शंभर करताना

रत्नागिरीजवळच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, कातळशिल्पं मी दोन हंगाम मोबाइलने टिपत होतो. त्यावर एका परिषदेत वीस मिनिटं बोलायचं म्हणून प्रस्ताव पाठवला, तर उलट टपाली निरोप आला: मर्यादा शंभर शब्दांची, तुमचे ३४० झालेत, परवापर्यंत परत पाठवा.

आधी विशेषणं उडवली, लांब वाक्यं तोडली. २१० वर गाडी अडली. वाचून पाहिलं तर निम्मा मजकूर अजून सड्याचा जांभा दगड कसा तयार होतो आणि २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कशी आली, यातच गेला होता. माझा विषय सुरू व्हायचा चौथ्या परिच्छेदात.

आत्या शाळेत शिकवायची. कोलंबी सोलता सोलता तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, ऐकून घरी गेलेल्या माणसाला काय जमेल?"

"ड्रोन नसला तरी शिल्पाचं प्रमाणात चित्र करता येईल."

"मग हे लिहिलंयस कुठे?"

कुठेच नव्हतं. शेवटी होतं, "अनुभव मांडले जातील." आता वाटतं, या वाक्यानं परीक्षकाला काहीच कळत नाही.

जुना मजकूर बाजूला ठेवून मी कोऱ्या कागदावर शेवटचं वाक्य आधी लिहिलं, मग हेतूचं. जुन्यातलं एकेक वाक्य त्यांच्याशेजारी ठेवून बघत गेलो: हे काढलं तर त्या दोनांपैकी कुठलं अडतं? जांभा गेला. युनेस्को गेलं, तेव्हा जीवावर आलं. दुपारच्या उन्हाचं वाक्य मात्र राहिलं, कारण अडचण तिथेच आहे. उरलं ते हे:

"सड्यावरची कातळशिल्पं उथळ असतात. दुपारच्या उन्हात ती फोटोत सपाट दिसतात आणि मोजपट्टी नसली तर आकारही कळत नाही. ड्रोन न परवडणाऱ्या हौशी अभ्यासकांना साध्या मोबाइलने मोजता येण्याजोगी नोंद कशी करावी हे दाखवणं, हा हेतू. एकाच शिल्पावर तिरपं ऊन, शेजारच्या फोटोंत साठ-सत्तर टक्के सामाईक भाग आणि चौकटीतली मोजपट्टी कशी वापरली ते दाखवीन. फोटो काढेपर्यंत सरकलेल्या सावलीनं काम कसं बिघडवलं तेही सांगेन. ऐकणाऱ्याला पुढच्या फेरीत फोटो जोडून शिल्पाचं प्रमाणात चित्र करता येईल."

हे ऐंशीच्या आत बसतं, म्हणून खूश झालो. पण अर्ज इंग्रजीत भरायचा होता. 'मोजपट्टीशिवाय'सारख्या एका शब्दाचे तिकडे तीन होतात, आणि भाषांतर शंभराच्या पुढे गेलं. पुन्हा कात्री लावताना मोह होता तो शेवटचं वाक्य कापण्याचा, कारण ते सगळ्यात खाली असतं. मी पद्धतीच्या वाक्यातले टक्के काढले. ते पडद्यावर दाखवता येतात.

युनेस्कोचं वाक्य वाया गेलं नाही. बोलायला उभा राहिलो तेव्हा पहिल्या मिनिटात तेच घेतलं.