लिस्टिंग हातची गेली तेव्हा ट्रेडमार्क कळला

दोन वर्षं मी स्वतःच्या ब्रँडच्या नावाने पाठपिशव्या ॲमेझॉनवर विकत होतो. एक दिवस माझ्याच लिस्टिंगवर, म्हणजे मालाच्या विक्रीच्या पानावर, दुसरा विक्रेता आला. माल त्याचा, फोटो आणि रिव्ह्यू माझे. तक्रार केली, तर उत्तर आलं की नाव तुमचं असल्याचा पुरावा द्या. माझ्याकडे फक्त बिलं होती.

मग ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. ट्रेडमार्कसाठी वस्तूंचे वर्ग ठरलेले असतात, पाठपिशव्या वर्ग १८ मध्ये येतात. लोगोऐवजी आधी नुसत्या शब्दाचा अर्ज केला, कारण लोगो पुढे बदलला तरी शब्दाचं संरक्षण टिकतं.

मग ॲमेझॉनच्या ब्रँड रजिस्ट्रीत, म्हणजे ब्रँडमालकांच्या नोंदणीत, नाव नोंदवायला गेलो. तिथे अनेक देशांत ट्रेडमार्कचा प्रलंबित अर्जही चालतो, त्यामुळे प्रमाणपत्राची वाट पाहावी लागली नाही. तरी पहिल्यांदा नकारच आला. अर्जात नाव दोन शब्दांत होतं, पिशवीवर जोडून. शिवाय नाव वस्तूवर किंवा वेष्टनावर कायमचं छापलेलं लागतं, आणि मी स्टिकर लावत होतो. शिवलेलं लेबल लावून नवे फोटो दिले. पडताळणीचा कोड ट्रेडमार्क नोंदीतल्या संपर्काला, म्हणजे माझ्या वकिलांना गेला. त्यांना आधी सांगून ठेवायला हवं होतं, आठवडा त्यातच गेला.

आता मजकूर आणि फोटोंवर माझा शब्द जास्त चालतो. नकली माल दिसला की आधी एक नग मागवतो, लेबलचा फोटो काढतो आणि ऑर्डर क्रमांकासह तक्रार करतो. मात्र कुणी माझाच अस्सल माल विकत घेऊन पुन्हा विकत असेल, तर केवळ ब्रँड नोंदवलाय म्हणून त्याला हटवता येत नाही.