शिफारसपत्र देणाऱ्यांचे आभार कसे मानावेत

प्रवेश मिळाला किंवा नोकरीचं ऑफर लेटर हातात आलं की घरच्यांना, मित्रांना लगेच फोन होतात. ज्यांनी शिफारसपत्र दिलं त्यांना मात्र पंधरा दिवसांनी, कधी तिसऱ्याच कुणाकडून कळतं. त्यांना वाईट वाटतं ते आभार राहिले म्हणून नव्हे, बातमी राहिली म्हणून. त्यांनी पत्र पाठवलं आणि त्यानंतर त्यांच्यापर्यंत काहीच आलं नाही. त्यामुळे आभाराच्या मेलमध्ये पहिलं काम निकाल सांगण्याचं असतं.

आधी वेळ ठरवा

खरं तर आभार दोनदा मानायचे असतात. पहिल्यांदा, पत्र पोर्टलवर जमा झाल्याचं दिसलं की त्याच दिवशी दोन ओळी: पत्र पोचलं, मनापासून आभार, निकाल अमुक महिन्यात आहे, लागला की कळवतो. दुसऱ्यांदा, निकाल आल्यावर एक-दोन दिवसांत. सोशल मीडियावर टाकण्याआधी हा मेल गेलेला असला पाहिजे.

नोकरीत थोडं थांबावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ऑफर रेफरन्सची चौकशी पूर्ण होण्यावर अवलंबून असते, म्हणून लेखी ऑफर मिळून तुम्ही ती स्वीकारेपर्यंत कंपनीचं नाव घेऊन आभार मानू नका. एचआरचा त्यांना फोन येऊन गेल्याचं कळलं, तर "वेळ काढून बोललात, आभारी आहे" एवढं त्या दिवशी पुरे. काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत, हे खोदून विचारू नये. रेफरन्स देणारे तुमच्या सध्याच्याच ऑफिसमधले असतील तर त्यांना फोनवर किंवा समक्ष सांगा. तुमचा राजीनामा जाण्याआधी ऑफिसच्या मेलवर ही गोष्ट जायला नको.

न वाचलेल्या पत्राचे आभार

बहुतेक जण इथेच अडखळतात. प्रवेशाची शिफारसपत्रं सहसा गोपनीय असतात. अनेक अर्जांत तर पत्र पाहण्याचा हक्क सोडत असल्याची खूण आपणच केलेली असते. मग "तुम्ही किती सुंदर पत्र लिहिलंत" हे वाक्य कशाच्या आधारावर लिहिणार? वाचणाऱ्यालाही प्रश्न पडतो की याने पत्र पाहिलं कुठे. "केवळ तुमच्यामुळेच निवड झाली" हेही तसंच. निवड समितीत काय बोलणं झालं ते आपल्याला माहीत नसतं. "तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही" अशा ओळीने तर समोरचा माणूस अवघडून जातो, कारण त्यावर उत्तर काय द्यायचं हेच त्याला सुचत नाही.

त्यापेक्षा जे तुम्हाला नक्की माहीत आहे त्याचे आभार माना. त्यांनी काय केलं याचा एकदा नीट विचार करा. पाच विद्यापीठांत अर्ज म्हणजे बहुतेक वेळा पाच वेगळ्या लिंक. प्रत्येक लिंकवर त्यांचं पद, तुम्हाला कधीपासून आणि कशामुळे ओळखतात ही माहिती. पुष्कळ ठिकाणी एक तक्ताही असतो: हा विद्यार्थी लेखनात, संशोधनात, सोबत्यांबरोबर काम करण्यात वरच्या पाच टक्क्यांत बसतो की दहा, की पंचवीस. हे सगळं भरल्यावर पत्र अपलोड करायचं, आणि हे पाचदा. हे तुम्हाला पत्र न वाचताही माहीत आहे. इंटरव्ह्यूत कुणी त्यांच्या पत्राचा उल्लेख केला असेल, तर तो जसाच्या तसा सांगा. शिफारस करणाऱ्याला एवढी नेमकी पोचपावती क्वचितच मिळते.

मेल लिहिताना

समजा, एका विद्यार्थिनीने एम. एस्सी.साठी पाच ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, दोन नकार आले, एक निकाल बाकी आहे. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमना तिने असं लिहावं. विषयाच्या ओळीत: "प्रवेश मिळाला – आभार". आत:

> मॅडम, नमस्कार.
>
> काल निकाल आला. पर्यावरणशास्त्राच्या एम. एस्सी.ला माझी निवड झाली आहे. पाचपैकी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, दोन ठिकाणी नाही. एक निकाल बाकी आहे, पण मी यातला पहिला पर्याय स्वीकारला आहे. तिथे पाण्याच्या प्रदूषणावर काम करणारा गट आहे, म्हणून.
>
> ऐन परीक्षेच्या दिवसांत तुम्ही पाच वेगवेगळे फॉर्म भरलेत आणि सगळे मुदतीआधी पोचले. इंटरव्ह्यूत मला पहिलाच प्रश्न विचारला तो नमुने खराब निघाल्यावर मी प्रयोग पुन्हा कसा मांडला याचा. हे तुमच्या पत्रातूनच कळल्याचं त्यांनी सांगितलं. त्या प्रश्नावर मी मोकळेपणाने बोलू शकले.
>
> सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतील. पहिलं सत्र संपलं की कसं चाललं आहे ते कळवीन.
>
> मनापासून आभार.

शंभरएक शब्दांचा मजकूर आहे. नकारही सांगितले आहेत, कारण पाचही पत्रं मॅडमनीच पाठवली होती. त्या पाचांचं काय झालं हे त्यांना कळायला हवं. आणि यात नवी मागणी एकही नाही. "जाता जाता, स्कॉलरशिपसाठीही एक पत्र द्याल का?" ही ओळ आली की वरचे सगळे आभार त्या मागणीची प्रस्तावना वाटू लागतात. गरज असेलच तर दोन-तीन आठवड्यांनी वेगळा मेल करा.

भाषा तुम्ही एरवी बोलता तीच ठेवा. वर्गात "तुम्ही" म्हणत असाल तर मेलमध्ये एकाएकी "आपण" आणि "सविनय" आलं की ते दुसऱ्या कुणी लिहून दिल्यासारखं वाटतं.

तीन जणांनी पत्रं दिली असतील तर तीन वेगळे मेल. एकच मेल तिघांना पाठवला की बाकीचे दोघं कोण हे उघड होतं, आणि आपल्यासाठी वेगळं एक वाक्यही लिहिलं नाही हेही. मजकूर कॉपी केलात तर पाठवण्याआधी संबोधन आणि प्रकल्पाचं नाव तपासा. चूक तिथेच राहते.

भेटवस्तू द्यावी का?

निकालाआधी देऊ नये. ती पत्राची किंमत दिल्यासारखी दिसते. त्या व्यक्तीकडून तुमचे गुण अजून लागायचे असतील किंवा ती तुमची वरिष्ठ असेल, तर निकालानंतरही देऊ नये. अनेक संस्थांत अशा भेटींवर नियम असतात आणि नाही म्हणण्याची अवघड वेळ त्यांच्यावर येते. हाताने लिहिलेलं कार्ड कुठेही चालतं. त्यात मेलचा मजकूर पुन्हा उतरवू नका. त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट लिहा, उदाहरणार्थ प्रयोगवहीत चुकलेले आकडे खोडायचे नाहीत, एका रेघेने कापून शेजारी तारीख घालायची.

उशीर झाला असेल तर

तरीही लिहा. कारणांचा पाढा नको. "मार्चमध्येच कळवायला हवं होतं, राहून गेलं, माफ करा" एवढं एक वाक्य, आणि त्यापुढे लगेच निकाल. उशिराच्या मेलचा एक फायदाही आहे: तोवर तुम्ही रुजू झालेले असता, त्यामुळे तिथे प्रत्यक्ष काय काम करता आहात हे लिहिता येतं.

सत्र संपल्यावर कळवीन असं लिहिलं असेल तर ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. तेव्हा तीन ओळी पुरतात: कोणते विषय घेतले, काय जड गेलं, त्यांनी शिकवलेलं कुठे उपयोगी पडलं.